मेल लिहायचा कुठे? टॅबमध्ये की वेगळ्या विंडोत?

संगणकावर जीमेल उघडून डाव्या बाजूचं ‘Compose’ बटण दाबलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एक लहानशी चौकट उघडते. दोन ओळींचा निरोप पाठवायचा असेल तर ती पुरते. पण लांब अर्ज लिहायचा असेल, समोरच्याच्या जुन्या मेलमधल्या तारखा बघत उत्तर द्यायचं असेल, किंवा एखादं बिल वाचत वाचत त्यातली चूक दाखवायची असेल, तरी बहुतेक जण त्याच चौकटीत बसून लिहितात. मागचं काही बघायचं झालं की चौकट खाली सारायची, बघायचं, आकडा डोक्यात ठेवायचा आणि चौकट पुन्हा वर घ्यायची. हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की मेल लिहायची जागा बदलता येते, हे कुणाला सांगितलं तर आश्चर्य वाटतं.

जागा बदलता येते. तोच मेल स्वतंत्र टॅबमध्ये लिहिता येतो, वेगळ्या विंडोतही लिहिता येतो. या दोघांत नुसत्या दिसण्याचा फरक नाही. लिहिताना डोळ्यांसमोर दुसरं काय ठेवता येतं, ते या निवडीवर ठरतं.

टॅब म्हणजे एकाच वहीची पानं. कितीही टॅब उघडा, सहसा एका वेळी एकच दिसणार. दुसरा बघायचा तर पहिला झाकला जाणार. विंडो म्हणजे दुसरी वही. ती पहिलीच्या शेजारी उघडी ठेवता येते, लहानमोठी करता येते, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला नेता येते. कीबोर्डवरही हा फरक जाणवतो. टॅब बदलायचे तर Ctrl + Tab, विंडो बदलायच्या तर Alt + Tab. म्हणून एकाग्रपणे एकच गोष्ट लिहायची असेल तेव्हा टॅब बरा, कारण त्यात मेलच्या मजकुराशिवाय दुसरं काही दिसत नाही. दोन गोष्टी ताडून बघत लिहायचं असेल तर विंडो बरी.

ही कोपऱ्यातली चौकट जीमेलमध्ये पहिल्यापासून नव्हती. 2004 साली जीमेल सुरू झालं तेव्हा ‘Compose’ दाबल्यावर मेलची यादी नाहीशी व्हायची आणि तिच्या जागी लिहायचं पान यायचं. कुणाचा जुना मेल बघायचा तर लिहिणं सोडून मागे जावं लागायचं. ऑक्टोबर 2012 मध्ये गूगलने चौकटीची नवी पद्धत आणली आणि 2013 पासून ती सगळ्यांना लागू केली. लिहिता लिहिता मागची यादी दिसावी, जुना मेल शोधता यावा, हाच त्यामागचा विचार होता, आणि तो चांगलाच होता. अडचण एवढीच की चौकट मागच्या पानाचा बराच भाग झाकते, आणि जे वाचायचं असतं ते नेमकं तिच्याखाली येतं.

चौकटीच्या वरच्या पट्टीवर उजवीकडे तीन चिन्हं असतात. पहिली आडवी रेघ चौकट खाली मिटवते. शेवटची फुली मेल बंद करते. लिहिलेलं ‘Drafts’ मध्ये राहतं, पुसलं जात नाही. मधलं चिन्ह दोन बाणांचं. त्यावर माउस नेला तर ते चिन्ह पूर्ण पडद्यासाठी आहे आणि Shift सोबत दाबल्यास पॉप-आउट होईल, अशी इंग्रजी सूचना उमटते. ही सूचना वाचायला कुणी थांबत नाही, पण सगळी मेख तिच्यातच आहे.

नुसतं मधलं चिन्ह दाबलं की चौकट मोठी होऊन पडद्याच्या मधोमध येते आणि मागची यादी अंधूक होते. पुष्कळांना वाटतं की ही वेगळी विंडो झाली. तशी ती नाही. तीच चौकट फुगून जीमेलच्या त्याच पानावर बसलेली असते. तिला बाजूला सरकवता येत नाही, मागचा मेल तिच्या शेजारी ठेवता येत नाही. खात्री करायची असेल तर खालचा टास्कबार बघावा किंवा Alt + Tab दाबावं. तिथे मेलची वेगळी विंडो दिसली नाही, तर ती झालेलीच नाही. Shift दाबून ठेवून तेच चिन्ह दाबलं की मात्र मेल जीमेलच्या पानातून बाहेर पडतो आणि खरोखर वेगळ्या विंडोत उघडतो.

उत्तराचं थोडं निराळं आहे. आलेल्या मेलखाली ‘Reply’ दाबलं की उत्तराची जागा त्याच मेलच्या खाली, त्याच पानात उघडते. तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बाहेर जाणाऱ्या बाणाचं छोटं चिन्ह असतं, ‘Pop out reply’ नावाचं. डाव्या बाजूला उत्तराच्या बाणाशेजारी जो खाली वळलेला त्रिकोण असतो, त्या यादीतही हाच पर्याय मिळतो. तो निवडला की उत्तर मेलखालून सुटून कोपऱ्यातल्या चौकटीत येतं. तिथून पुढे Shift आणि मधलं चिन्ह, म्हणजे वेगळी विंडो.

याचा उपयोग कसा होतो, ते एका सोसायटीच्या पाणीबिलावरून बघू. सचिवांकडे पालिकेचा मेल आला, सोबत चालू महिन्याचं बिल पीडीएफमध्ये. बिलावर मागील रीडिंग 4,182, चालू रीडिंग 5,096 आणि वापर 914 युनिट. एक युनिट म्हणजे हजार लिटर. एवढं पाणी आपल्या इमारतीत लागत नाही, हे त्यांना लगेच जाणवलं. मागच्या महिन्याचं बिल दुसऱ्या मेलमध्ये होतं. तक्रार करायची तर दोन्ही बिलांतले आकडे समोर हवेत.

त्यांनी आलेल्या मेलखाली ‘Reply’ दाबलं आणि चार ओळी लिहिल्या. मग जुनं बिल शोधायला वरच्या शोधपट्टीत गेले. पान बदललं आणि लिहीत असलेलं उत्तर नजरेआड झालं. हरवलं नव्हतं, ड्राफ्ट म्हणून त्याच मेलखाली साठलं होतं. पण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते गेलंच. परत येऊन त्यांनी उत्तर चौकटीत काढलं. आता मेल बदलले तरी चौकट कोपऱ्यात टिकून राहिली. मात्र पीडीएफ उघडली की ती पूर्ण पानावर पसरते आणि चौकट तिच्याआड जाते. म्हणजे बिल दिसतं तेव्हा तक्रार दिसत नाही, आणि तक्रार दिसते तेव्हा बिल दिसत नाही.

तिसऱ्या खेपेला Shift दाबून उत्तर वेगळ्या विंडोत काढलं. विंडोजमध्ये Windows ची कळ आणि उजवा बाण एकत्र दाबले की चालू विंडो पडद्याच्या उजव्या अर्ध्यात बसते. मग उरलेल्या उघड्या विंडोंची लहान चित्रं डाव्या अर्ध्यात येतात, त्यातली जीमेलची निवडायची. ती चित्रं आली नाहीत तर जीमेलच्या विंडोवर क्लिक करून Windows ची कळ आणि डावा बाण दाबावा. डावीकडे मागच्या महिन्याचं बिल, उजवीकडे तक्रार, अशी मांडणी झाली. मागच्या बिलात त्या वेळचं चालू रीडिंग स्पष्ट दिसलं: 4,812. या बिलात तोच आकडा 4,182 असा उतरला होता. आठ आणि एक यांची अदलाबदल. खरा वापर 5,096 वजा 4,812, म्हणजे 284 युनिट. बिल 914 चं. फरक 630 युनिटचा, म्हणजे सहा लाख तीस हजार लिटर. हे सगळं आकडे समोर बघत लिहिता आलं. अशा मेलमध्ये आकडा डोक्यात धरून विंडो बदलणं धोक्याचं असतं, कारण जी अदलाबदल पकडायची आहे तीच आपल्या हातूनही होऊ शकते.

लॅपटॉप लहान असेल तर अर्धी विंडो पुरेल का, ही शंका रास्त आहे. साध्या लॅपटॉपचा पडदा बऱ्याचदा 1366 बाय 768 पिक्सेलचा असतो. त्याचा अर्धा म्हणजे 683 पिक्सेल. मजकूर लिहायला एवढी रुंदी पुष्कळ झाली. दाटी होते ती डावीकडच्या जीमेलमध्ये. तिथे क्लिक करून Ctrl आणि वजाची कळ एक-दोनदा दाबली की अक्षरं लहान होऊन पान मावतं. Ctrl आणि शून्याने ती पूर्ववत होतात. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर क्लिक केलं की बाजूचा मेनूही मिटतो आणि आणखी जागा निघते.

आता टॅबकडे वळू. त्यासाठी जीमेलचे कीबोर्ड शॉर्टकट सुरू करावे लागतात. वर उजवीकडच्या दातेरी चाकावर क्लिक करून ‘See all settings’ निवडायचं. ‘General’ या पानावर खाली ‘Keyboard shortcuts’ असतं, तिथे ‘Keyboard shortcuts on’ करायचं आणि अगदी तळाशी जाऊन ‘Save Changes’ दाबायचं. हे शेवटचं बटण पान बरंच खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही. ते न दाबता बाहेर पडल्यामुळे ‘सेटिंग लागतच नाही’ असं म्हणणारे खूप भेटतात. यानंतर मेलची यादी समोर असताना c दाबलं की नेहमीची चौकट उघडते आणि d दाबलं की नव्या टॅबमध्ये लिहायचं पान उघडतं. मेल उघडा असताना r ने त्याच पानात उत्तर सुरू होतं, तर Shift + r हा नव्या विंडोतल्या उत्तराचा शॉर्टकट आहे. त्याचप्रमाणे Shift + a सगळ्यांना उत्तर द्यायला आणि Shift + f मेल पुढे पाठवायला. मराठी टायपिंग चालू असेल आणि शॉर्टकट दाद देत नसेल, तर Windows ची कळ आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणावा आणि मग d दाबावं. मेल उघडल्यावर पुन्हा मराठीवर जाता येतं.

ज्यांना दर वेळी टॅबच हवा आहे, त्यांच्यासाठी मला सगळ्यांत सोयीचा वाटतो तो बुकमार्क. ब्राउझरच्या पट्टीवर नवा बुकमार्क करायचा, त्याला ‘नवा मेल’ असं नाव द्यायचं आणि पत्त्याच्या जागी हे लिहायचं:

```
https://mail.google.com/mail/?view=cm&fs=1
```

त्यावर क्लिक केलं की जीमेलची यादी मध्ये न येता थेट लिहायचं कोरं पान उघडतं. बुकमार्कवर क्लिक करताना Shift दाबून ठेवलं तर तेच पान नव्या विंडोत उघडतं, Ctrl दाबून ठेवलं तर नव्या टॅबमध्ये. म्हणजे एका बुकमार्कने दोन्ही साधतं. आणखी एक फायदा असा की ज्याचा मेल उघडला की शेजारचे दहा न वाचलेले मेल खुणावतात, त्याला कोऱ्या पानावर निवांत लिहिता येतं.

एकाच ब्राउझरमध्ये दोन जीमेल खाती चालू असतील तर मात्र जपावं. वरचा पत्ता पहिल्या खात्यात उघडतो. घरचं खातं पहिलं आणि कार्यालयाचं दुसरं असेल, तर कार्यालयाचा मेल घरच्या पत्त्यावरून जायचा. जीमेलच्या पत्त्यात खात्याचा क्रमांक असतो आणि मोजणी शून्यापासून होते. म्हणून दुसऱ्या खात्यासाठी बुकमार्क असा हवा:

```
https://mail.google.com/mail/u/1/?view=cm&fs=1
```

खाती कोणत्या क्रमाने उघडली यावर हा क्रमांक ठरतो. सगळीकडून बाहेर पडून पुन्हा वेगळ्या क्रमाने आत आलात तर क्रमांकही बदलतो. तेव्हा महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी टॅबच्या नावावर माउस नेऊन कोणतं खातं आहे ते बघून घ्यावं.

कायमची निवड करून ठेवता येते का, हा खरा प्रश्न आहे, आणि जीमेलपुरतं उत्तर अर्धवट आहे. चौकटीच्या तळाशी तीन ठिपक्यांचं चिन्ह असतं. त्यात ‘Default to full screen’ हा पर्याय आहे. त्यावर खूण केली की पुढचे सगळे नवे मेल मोठ्या चौकटीत उघडतात. नको झालं तर तिथेच जाऊन खूण काढायची. पण ही मोठी चौकट जीमेलच्या पानातलीच, हे वर सांगितलंच आहे. ‘नेहमी वेगळी विंडो’ किंवा ‘नेहमी टॅब’ असा पर्याय जीमेलच्या सेटिंगमध्ये नाही. Shift, d किंवा बुकमार्क, यांतलं काहीतरी दर वेळी वापरावं लागतं.

वेगळी विंडो उघडलीच नाही, तर दोष बहुधा ब्राउझरच्या पॉप-अप रोखण्याच्या सोयीत असतो. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला लाल खूण असलेलं छोटं चिन्ह येतं. त्यावर क्लिक करून जीमेलला पॉप-अपची कायम परवानगी द्यायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. उलट, विंडो उघडली पण आता तिला टॅब करायचं असेल, तर क्रोममध्ये त्या विंडोच्या वरच्या पट्टीवर उजवं क्लिक केल्यावर ‘Show as tab’ मिळतं. टॅबची विंडो करणं त्याहून सोपं आहे. टॅब माउसने धरून पट्टीच्या खाली ओढायचा आणि सोडायचा.

वेगळ्या विंडोत लिहीत असताना जीमेलचा मूळ टॅब बंद करू नये. ती विंडो त्या टॅबमधून निघालेली असते. मेल जाईपर्यंत दोन्ही उघडे राहिलेले बरे. चुकून बंद झालाच तर घाबरायचं कारण नाही. जीमेल पुन्हा उघडून ‘Drafts’ मध्ये बघायचं. जीमेल लिहिता लिहिताच ड्राफ्ट साठवत असतं आणि साठवल्यावर ‘Draft saved’ असं दाखवतं. त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे एकच ड्राफ्ट दोन ठिकाणी उघडा ठेवणं. विंडोत अर्धा मेल लिहिलेला असतो, मग कुणीतरी ‘Drafts’ मधून तोच मेल चौकटीत उघडतं आणि तिथे दोन वाक्यं घालतं. आता दोन्हीकडे वेगळा मजकूर आहे आणि दोन्हीकडून तो एकाच ड्राफ्टवर साठवला जातो. कुठली वाक्यं उरतील याचा भरवसा नाही. एक मेल, एक जागा, हे कटाक्षाने पाळावं.

कार्यालयांत जीमेलइतकंच आउटलुक चालतं, आणि तिथे कायमच्या निवडीचा प्रश्न चांगला सुटलेला आहे. संगणकावर बसवलेल्या जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये Ctrl + N ने नवा मेल नेहमी वेगळ्या विंडोतच उघडतो. उत्तरंही पूर्वी तशीच उघडायची. आउटलुक 2013 पासून उत्तर वाचनाच्या चौकटीतच, आलेल्या मेलच्या वर, उघडू लागलं. जीमेलने आपली पद्धत बदलली तोच हा काळ. एखाद-दुसऱ्या ओळीच्या उत्तराला हे सोयीचं आहे. पण या चौकटीत सगळी आयुधं हाताशी नसतात. वर फक्त ‘Message’ चा टॅब येतो, ‘Options’ चा येत नाही. त्यामुळे मेल उद्या सकाळी नऊला आपोआप जावा अशी सोय करायची असेल, तर ते बटण सापडत नाही. अशा वेळी चौकटीच्या वर डावीकडे असलेलं ‘Pop Out’ दाबलं की उत्तर स्वतःच्या विंडोत जातं आणि सगळे टॅब दिसू लागतात.

दुसरी फसगत नेहमीची आहे. चौकटीत उत्तर लिहीत असताना यादीतल्या दुसऱ्या मेलवर क्लिक केलं की उत्तर नाहीसं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात मूळ मेलच्या ओळीवर ‘[Draft]’ असं लाल अक्षरांत दिसत असतं. त्या ओळीवर परत क्लिक केलं की अर्धं राहिलेलं उत्तर जिथल्या तिथे सापडतं. हे माहीत नसल्यामुळे तेच उत्तर दुसऱ्यांदा लिहिणारी माणसं जवळपास प्रत्येक कार्यालयात असतात.

दर वेळी ‘Pop Out’ दाबायचा कंटाळा असेल तर एकदाच सेटिंग करायचं. ‘File’, मग ‘Options’, मग डावीकडे ‘Mail’. उजवीकडचं पान बरंच लांब आहे. ते सरकवत ‘Replies and forwards’ या मथळ्यापर्यंत जायचं. तिथे ‘Open replies and forwards in a new window’ या ओळीपुढे खूण करायची आणि ‘OK’ म्हणायचं. त्यानंतर प्रत्येक उत्तर आणि पुढे पाठवायचा प्रत्येक मेल आपल्या विंडोत उघडेल. त्याच ठिकाणी ‘Close original message window when replying or forwarding’ अशी आणखी एक ओळ आहे. तिच्यापुढे खूण असेल तर उत्तर सुरू करताच मूळ मेलची विंडो बंद होते. ज्याला मूळ मेल बघत उत्तर द्यायचं आहे त्याने ती खूण काढून टाकावी, नाहीतर एका हाताने दिलेली सोय दुसऱ्या हाताने जाते.

नवं आउटलुक आणि ब्राउझरमध्ये चालणारं आउटलुक यांत नवा मेलही वाचनाच्या चौकटीतच उघडतो. तिथे लिहायच्या जागेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बाहेर जाणाऱ्या बाणाचं चिन्ह शोधावं. ते दाबलं की मेल वेगळ्या विंडोत येतो.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांची गल्लत वेगळ्या ठिकाणी होते. 2009 च्या अखेरीस आलेल्या थंडरबर्ड 3 पासून त्यात टॅब आहेत. सेटिंगमध्ये ‘Open messages in’ अशी ओळ आहे आणि तिच्याखाली नवा टॅब, नवी विंडो आणि आधीच उघडी असलेली विंडो असे तीन पर्याय आहेत. टॅब निवडूनही नवा मेल विंडोतच उघडतो, मग सेटिंग बिघडलं असं वाटतं. ते बिघडलेलं नसतं. ही निवड फक्त आलेला मेल वाचण्यापुरती आहे. लिहायची जागा थंडरबर्डमध्ये विंडोच आहे, आणि ताडून बघत लिहिणाऱ्याला तीच हवी असते. तिथे ड्राफ्ट दर पाच मिनिटांनी आपोआप साठतो. मोठा मेल लिहिणाऱ्याने सेटिंगमधल्या ‘Composition’ मध्ये जाऊन हा अवधी कमी करून घ्यावा.

मॅकवर ही निवड मेलच्या ॲपमध्ये शोधून सापडत नाही, कारण ती साऱ्या यंत्रणेची आहे. ‘System Settings’ मध्ये ‘Desktop & Dock’ उघडायचं आणि ‘Prefer tabs when opening documents’ बघायचं. तिथे ‘Always’ असेल तर लिहायचे अनेक मेल एकाच विंडोत टॅब होऊन बसतात. ‘Never’ केलं की प्रत्येकाला आपली विंडो मिळते. मात्र हा बदल इतर ॲपनाही लागू होतो.

माझं मत सांगायचं तर छोटं उत्तर जिथल्या तिथे लिहावं, लांब आणि स्वतंत्र मेल टॅबमध्ये लिहावा, आणि ज्यात आकडे, तारखा किंवा दुसऱ्याचे शब्द ताडून बघायचे आहेत तो प्रत्येक मेल वेगळ्या विंडोत लिहावा. आउटलुकने हे एका खुणेवर आणून ठेवलं आहे. जीमेलमध्ये ती खूण अजून नाही, आणि ती असायला हवी. जीमेलमध्ये वर उजवीकडे प्रश्नचिन्ह असतं. त्यावर क्लिक केल्यावर गूगलला अभिप्राय पाठवायची सोय आहे. ‘नवा मेल नेहमी वेगळ्या विंडोत उघडण्याचा पर्याय द्या’ एवढंच वाक्य तिथे लिहून पाठवा.